उंच स्तंभ आणि वर चढणारी रेषा : पॅरेटो आलेखाबद्दलचे गैरसमज

मिक्सर बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी समोर ठेवू. कंपनी काल्पनिक आहे आणि आकडेही समजावण्यापुरते मांडलेले आहेत, पण तक्रारी मात्र कुठल्याही सर्व्हिस सेंटरच्या नोंदवहीत सापडतील अशाच. एका तिमाहीत 400 तक्रारी आल्या. त्या कारणांनुसार वेगळ्या केल्या, जास्तीपासून कमीकडे क्रम लावला आणि प्रत्येक ओळीपुढे तोपर्यंतची बेरीज टक्क्यांत लिहिली :

| तक्रार | संख्या | बेरीज (टक्के) |
|---|---|---|
| भांड्यातून गळती | 124 | 31 |
| कपलर तुटणे | 96 | 55 |
| चालता चालता बंद पडणे | 68 | 72 |
| झाकण सैल | 40 | 82 |
| आवाज | 24 | 88 |
| मोटर जळणे | 16 | 92 |
| दुरुस्तीला उशीर | 12 | 95 |
| इतर | 20 | 100 |

पहिल्या दोन रकान्यांचे स्तंभ काढायचे, तिसऱ्याची रेषा. झाला पॅरेटो आलेख. काढायला इतका सोपा, की वाचायलाही तो तितकाच सोपा असेल असे वाटते. घोटाळे तिथेच होतात.

गैरसमज : 20 टक्के कारणांमुळे 80 टक्के तक्रारी, हा पॅरेटोचा नियम आहे

वरच्या तक्त्यातच पाहा. रेषा 80 च्या पुढे जाते ती चौथ्या कारणाला. आठांपैकी चार म्हणजे निम्मी कारणे झाली. मग तक्ता चुकला का? अजिबात नाही. 80 आणि 20 ही जोडी अनेकदा दिसणाऱ्या एका असमतोलाचे ढोबळ वर्णन आहे. कुठे 70-30 निघेल, कुठे 60-40. दोन्ही आकडे मिळून शंभर व्हायलाच हवेत असेही नाही, कारण एक आकडा कारणांचा आहे आणि दुसरा तक्रारींचा.

नियम पॅरेटोचा, हेही अर्धेच खरे. विल्फ्रेडो पॅरेटो हा इटालियन अर्थतज्ज्ञ स्वित्झर्लंडमधल्या लोझानला शिकवत असे आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने लोकांच्या उत्पन्नाची वाटणी किती विषम असते याचा अभ्यास केला. कारखान्यातल्या दोषांशी त्याचा काही संबंध नव्हता. तो जोडला जोसेफ जुरान यांनी. गुणवत्ता नियंत्रणावरच्या त्यांच्या 1951 च्या हँडबुकात मोजक्या दोषांमुळे बहुतेक नुकसान होते ही गोष्ट पॅरेटोच्या नावाने आली आणि नाव चिकटले. पुढे 1975 मध्ये जुरान यांनीच एक लेख लिहून कबूल केले की हे नामकरण चुकले. पॅरेटोने हे तत्त्व सगळ्या क्षेत्रांना लावले नव्हते, आणि वर चढणाऱ्या बेरजेच्या रेषेचे श्रेय तर अमेरिकेच्या मॅक्स लॉरेन्झचे होते, ज्याने 1905 मध्ये संपत्तीची विषमता दाखवायला तशी वक्ररेषा वापरली होती. तोवर उशीर झाला होता. जगभरच्या कारखान्यांच्या भिंतींवर ‘पॅरेटो’ लागले होते.

याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की आलेखावर 80 च्या जागी आडवी रेघ मारून, ती रेषेला छेदते तिथून डावीकडचे ते महत्त्वाचे आणि उजवीकडचे किरकोळ, असे आंधळेपणाने ठरवू नये. रेषा कुठे वाकते ते बघावे. आपल्या उदाहरणात पहिली तीन कारणे रेषेला झपाट्याने 72 वर नेतात आणि मग तिचा चढ मंदावतो. तीन कारणांवर माणसे लावणे शहाणपणाचे. चौथे केवळ 80 ओलांडते म्हणून यादीत घेण्यात अर्थ नाही.

आणि कधी कधी रेषा वाकतच नाही. आठही स्तंभ जवळजवळ सारखे असले तर ती कोपऱ्यातून कोपऱ्यात सरळ जाते. अशा वेळी बहुधा वर्गवारी चुकीच्या अंगाने केलेली असते. त्याच 400 तक्रारी कारणाऐवजी मॉडेलनुसार, शहरानुसार किंवा उत्पादनाच्या महिन्यानुसार मांडून पाहाव्यात. एखाद्या मांडणीत उतार दिसतो. कुठल्याच मांडणीत दिसला नाही, तर दोष सगळीकडे पसरलेला आहे असे मानून वेगळी वाट धरावी लागते.

गैरसमज : सर्वांत उंच स्तंभ म्हणजे मूळ कारण

हा गैरसमज सर्वांत महागात पडतो, म्हणून याच्यापाशी जरा थांबू.

‘भांड्यातून गळती’ हे कारण नाही. ते ग्राहकाने सांगितलेले लक्षण आहे. ओट्यावर ओघळ आला, ग्राहकाने फोन केला, फोन घेणाऱ्याने तसे टिपले. भांड्याच्या तळातून पात्याचा दांडा जातो आणि तो एका बुशमध्ये फिरतो. बुश झिजला, सील कडक झाले, की पाणी त्या फटीतून खाली उतरते. पण पात्याखालचे वॉशर नीट न बसवल्यानेही तेच होते, आणि झाकणाचे रबर सैल झाले तर वरून ओघळलेले पाणीही ग्राहक ‘गळते’ असेच सांगतो. तीन वेगळ्या गोष्टी एका स्तंभात बसल्या आहेत.

म्हणून पुढची पायरी म्हणजे उंच स्तंभ उघडून त्याचाच दुसरा पॅरेटो काढणे. मेकॅनिकची जॉब कार्डे काढली आणि भांड्यांनुसार वाटणी केली : 124 पैकी चटणीचे छोटे भांडे 82, मधले 30, मोठे 12. आता चित्र बोलू लागते. ओले खोबरे, सुकी मिरची, घट्ट चटणी असे जड वाटण छोट्या भांड्यात होते, पाणी कमी असते, पाती अडखळतात आणि दांड्यावर व बुशवर ताण येतो. इथे कारखान्यात विचारायचा प्रश्न ‘गळती का?’ असा राहत नाही. ‘चटणीच्या भांड्याचा बुश हा ताण का सोसत नाही?’ असा नेमका होतो. त्याचे उत्तर मात्र आलेख देणार नाही. त्यासाठी झिजलेले बुश टेबलावर मांडून बघावे लागतात.

वर्गवारी कोणी केली यावर स्तंभाची उंची ठरते, हेही विसरू नये. ‘बंद पडणे’ घ्या. मिक्सरवर जास्त ताण आला की ओव्हरलोड स्विच मोटरचा प्रवाह तोडतो. खाली बसवलेले लाल बटण थोड्या वेळाने दाबले की यंत्र पुन्हा सुरू होते. तो बिघाड नाही, संरक्षण आहे. पण कार्बन ब्रश झिजल्यावरही मिक्सर बंदच पडतो. नोंदवहीत दोघांना एकच रकाना असेल, तर 68 मध्ये किती खरे बिघाड आणि किती नुसती न समजलेली लाल बटणे, हे कळणार नाही. एका ठिकाणी रकाने एकत्र करायचे आणि दुसऱ्या ठिकाणी फोडायचे, एवढ्यावर हवा तो स्तंभ पुढे आणता येतो. कधी कोणी ते मुद्दामही करतो. उत्पादन विभागाने काढलेल्या आलेखात ‘ग्राहकाने चुकीचे वापरणे’ हा स्तंभ उंच दिसला, तर मी आधी नोंदवही मागेन.

गैरसमज : जास्त तक्रारी तिथे जास्त नुकसान

संख्येच्या आलेखात मोटर जळणे सहाव्या जागी आहे, फक्त 16 तक्रारी. आता प्रत्येक तक्रारीवर वॉरंटीत होणारा खर्च धरू. मोटरला 1,400 रुपये, गळतीला 150, कपलरला 90, आवाजाला 120, बंद पडण्याला 50 आणि झाकणाला 40. गुणाकार केला की मोटरचे 22,400 रुपये होतात आणि गळतीचे 18,600. कपलर 8,640 वर राहतो, बाकीचे त्याहून बरेच मागे. सहाव्या जागचे कारण पहिले आले, आणि पहिली दोन मिळून या सहा कारणांच्या खर्चाच्या 71 टक्के झाली. तक्रारी त्याच, फक्त मोजण्याचे माप बदलले.

मग खरा आलेख कोणता? दोन्ही. फोन घेणाऱ्यांचा ताण कमी करायचा असेल तर संख्येचा, वॉरंटीचा खर्च उतरवायचा असेल तर रुपयांचा. शिवाय दोन्ही शेजारी ठेवले की एक दुवा सापडतो. गळतीचे पाणी खाली मोटरपर्यंत पोहोचले तर बेअरिंग गंजते आणि मोटर खराब होऊ शकते. आलेख स्तंभांना एकमेकांपासून सुटे मानतो. यंत्रात ते सुटे नसतात. जळालेल्या 16 मोटरींपैकी किती आतून ओलसर होत्या, हे तपासले तर एकाच बुशवर काम करून दोन्ही स्तंभ खाली येण्याची आशा धरता येते.

एक अपवाद रांगेबाहेर ठेवायचा. ‘इतर’मधल्या 20 तक्रारींत दोन जणांना शॉक बसल्याची नोंद असेल, तर ती कितीही छोटी असली तरी तिची पाळी येईपर्यंत वाट पाहायची नसते.

‘इतर’चा स्तंभ मात्र नेहमी शेवटी, मग तो आधीच्यांपेक्षा उंच असला तरी. आपल्याकडे तो मोटर आणि उशीर या दोन्हींपेक्षा मोठा आहे, तरी टोकालाच आहे. एक्सेलमध्ये तयार पॅरेटो आलेख काढला तर तो निव्वळ संख्येने क्रम लावतो आणि ‘इतर’ला मध्येच बसवतो. ‘इतर’ पहिल्या दोन-तीन स्तंभांच्या उंचीचा झाला, तर नोंदवहीत रकाने कमी पडताहेत असे समजावे.

गैरसमज : सुधारणा झाली की टक्केवारीत दिसते

बुश बदलला. पुढच्या तिमाहीत गळती 124 वरून 40 वर आली, बाकी सगळे जैसे थे. एकूण तक्रारी झाल्या 316. कपलरच्या तक्रारी पूर्वीइतक्याच 96 आहेत, पण त्यांचा वाटा 24 टक्क्यांवरून 30 वर गेला आणि तो पहिल्या क्रमांकावर आला. बैठकीत कोणीतरी हमखास विचारतो, ‘‘कपलर बिघडले कधी?’’ ते बिघडलेले नाहीत. टक्क्यांची बेरीज शंभरच होणार, म्हणून एक उतरला की बाकीचे चढतात.

आधीचा आणि नंतरचा आलेख शेजारी लावताना डाव्या बाजूची मोजपट्टी दोन्हीकडे तीच ठेवावी, 0 ते 400. म्हणजे दुसऱ्या आलेखाची एकूण उंचीच कमी दिसते. प्रत्येक आलेखात उजवीकडचे 100 टक्के डावीकडच्या त्या तिमाहीच्या एकूण संख्येसमोर यायला हवेत, पहिल्यात 400 समोर, दुसऱ्यात 316 समोर. आलेख बरोबर काढला आहे की नाही हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे : रेषेचा पहिला बिंदू पहिल्या स्तंभाच्या माथ्याइतक्याच उंचीवर हवा. संगणकाने दोन्ही पट्ट्या आपल्या मर्जीने ठरवल्या की तो बिंदू हवेत लटकतो.

विक्री किती झाली तेही सोबत लिहावे. मिक्सरच कमी विकले गेले असतील तर बुश न बदलताही तक्रारी घटतील. आणि आवाजाच्या तक्रारी समजा 24 वरून 21 झाल्या असत्या, तरी त्यावरून कोणाची पाठ थोपटायची नव्हती. एवढा चढउतार काहीही न करता होत असतो. गळतीच्या 124 च्या 40 झाल्या ही गोष्ट वेगळी, पण तीही आणखी एखादी तिमाही टिकते का, ते पाहूनच नवा बुश कायम करावा.