दुसऱ्या खात्यास लिहावयाचें पत्र

हाताखालील मनुष्यास हुकूम सोडतां येतो आणि वरिष्ठांस विनंती करतां येते. परंतु जें खातें आपल्या वरही नाहीं व खालींही नाहीं, त्याची मदत मागतांना भल्या भल्या पदवीधरांची लेखणी अडखळते. आमच्या वाचकांच्या घरांतून कचेरींत जाणारे स्त्रीपुरुष पुष्कळ आहेत. म्हणून एक उदाहरणच घेऊं.

समजा, नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यास एका रस्त्याखालून दोनशें मीटर नळ घालावयाचा आहे, आणि बांधकाम खातें पावसाळ्यापूर्वीं त्याच रस्त्यावर डांबर घालणार आहे. डांबर आधीं पडलें, तर नवा रस्ता पुन्हां खणणें आलें. भरलेला चर नीट धुमसला गेला नाहीं, तर तो पहिल्याच पावसांत खचतो आणि लोक बोल लावतात बांधकाम खात्यास!

अशा वेळीं ‘आपल्याकडून आवश्यक तें सहकार्य व्हावें’ असें पत्र जातें. त्यास आवक क्रमांक मिळतो, तें एका कारकुनाच्या फायलींत बसतें, आणि नेमकें काय करावयाचें हें त्यांत नसल्यामुळें कोणी कांहींच करीत नाहीं. म्हणून लिहिण्यापूर्वीं तेथील उपअभियंत्यास भेटून अडचण विचारावी. बहुधा असें कळतें कीं, डांबर पसरण्याचें यंत्र ठेकेदाराकडे थोडेच दिवस आहे. काम थांबविणें त्यांच्या हातीं नाहीं. मग थांबा असें म्हणूंच नये. ‘काम दुसऱ्या टोकाकडून सुरू करावें, आमचे दोनशें मीटर शेवटीं घ्यावे, अमुक तारखेपर्यंत आम्ही चर थराथरानें धुमसून देऊं,’ एवढेंच मागावें व सोबत नकाशा जोडावा. त्यांना केवळ ‘होय’ किंवा दुसरी तारीख लिहावयाची उरते.

मामला तातडीचा असल्यास अर्धशासकीय पत्र उपयोगी पडतें. तें नांवानें, ‘प्रिय श्री.’ असें आरंभून, प्रथमपुरुषीं लिहितात. परंतु लिहिणारा सामान्यतः एक-दोन पायऱ्यांहून अधिक खालचा नसावा, असा कचेरीचा संकेत आहे. कनिष्ठ अभियंत्यानें मसुदा करावा व सही आपल्या वरिष्ठाची घ्यावी. पहिल्याच पत्राची प्रत मुख्याधिकाऱ्यांकडे धाडणें मात्र आम्हांस गैर वाटतें. विनंतीची तक्रार होते, आणि समोरचा मदतीऐवजीं बचाव लिहूं लागतो.

‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यांत येईल’ असें उत्तर आलें आणि त्यांत तारीख नसली, तर तो नकार समजावा व दुसऱ्याच दिवशीं पुन्हां भेटावें. ठेक्याची मुदत खरोखरच आड येत असेल, तर दोन्ही खात्यांनीं मिळून मुख्याधिकाऱ्यांपुढें जावें, निर्णय त्यांचा. तोंवर आणखी एक लहान मागणी करतां येते: डांबर पडण्यापूर्वीं रस्त्याखालून ठिकठिकाणीं मोठ्या व्यासाचे रिकामे नळ आडवे घालूं द्यावे. मुख्य नळ पुढें रस्त्याच्या कडेनें नेला, तरी पलीकडच्या घरांच्या जोडण्या त्यांतून ओढून घेतां येतात.