सगळ्या लग्नाला एकच रंग

लग्नाचे सहाशे फोटो. फोटोग्राफर त्यातला एक निवडतो, सावल्या किंचित निळसर करतो, झाडांचा भडक हिरवा उतरवतो आणि त्वचेला ऊब देतो. वधूच्या आईला तो फोटो आवडतो. आता उरलेले पाचशे नव्याण्णव फोटोही तसेच हवे असतात. प्रत्येक फोटोवर हाताने तेच करायला गेलं, तर शेवटच्या फोटोपर्यंत रंग नक्की घसरतो.

यावरचा उपाय म्हणजे रंगांचा तक्ता: कुठला रंग आला की त्याच्या जागी कुठला ठेवायचा, याची यादी. १९९० पासून मोफत मिळणाऱ्या इमेजमॅजिक या प्रोग्रॅममध्ये ही यादी चक्क एक चित्रच असते.

```
magick hald:8 mul.png
```

या आज्ञेने ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं रंगीबेरंगी चित्र तयार होतं. लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी ६४ पायऱ्या घेतल्या की एकूण २,६२,१४४ रंग होतात, आणि या चित्रात तेवढेच पिक्सेल असतात. ते गिम्प किंवा फोटोशॉपमध्ये उघडायचं, निवडलेल्या फोटोवर केलेले बदल त्याच आकड्यांनी त्यावर करायचे आणि `look.png` नावाने ठेवायचं. जेपीजी मात्र करू नये. त्या फाइलीत शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात, आणि इथे प्रत्येक पिक्सेल म्हणजे यादीतली एक ओळ आहे.

मग सगळ्या फोटोंवर:

```
mkdir -p tayar
for f in *.jpg; do
  magick "$f" look.png -hald-clut "tayar/$f"
done
```

मूळ फोटो जागेवर राहतात, नवे `tayar` फोल्डरमध्ये जातात. फोटोतला लाल १०० असेल तर तक्त्यात नेमका तो आकडा नसतो. जवळच्या पायऱ्या ९७ आणि १०१ च्या आसपासच्या. त्यांच्यामधली किंमत प्रोग्रॅम हिशेबाने काढतो.

खरा घोटाळा होतो तो तक्ता साठवताना. संपादन करणारा प्रोग्रॅम कधी कधी रंगांची प्रोफाइल परस्पर बदलतो. हे ओळखायला `mul.png` त्याच प्रोग्रॅममध्ये उघडावं, काहीही न बदलता दुसऱ्या नावाने साठवावं आणि ती प्रत एका फोटोला लावून पाहावी. फोटो होता तसाच दिसला पाहिजे. गडद किंवा फिका झाला, तर दोष साठवण्यात आहे.

तक्त्याला फक्त रंग कळतो, जागा नाही. कडांवरचा अंधार, धूसरपणा किंवा धार त्यात भरता येत नाही. आणि मांडवातल्या पिवळ्या दिव्यांखालचा फोटो नि अंगणातल्या उन्हातला फोटो तो आपण होऊन जुळवत नाही: पिवळा आला तर पिवळ्याचीच ओळ शोधतो. म्हणून व्हाइट बॅलन्स आणि उजेड आधी सारखा करून घ्यावा लागतो, निदान एका जागी काढलेल्या फोटोंच्या गटापुरता तरी. हे काम आजही डोळ्यांनीच होतं, आणि सहाशे फोटोंत बहुतेक वेळ त्यातच जातो.