काठावरची लाल रेघ

जुन्या जीन्सचंच कापड पुन्हा मागवायचं असेल, तर पायाची बाहेरची शिवण उलटून फोटो काढा. काठ विणतानाच बंद झालेला दिसला, तर ते बहुधा धोट्याच्या मागावरचं डेनिम. त्याचा पन्हा जेमतेम 30 इंच असतो, म्हणून लांबी जास्त मागवावी लागते.

काठात लाल रेघ दिसली की अनेकजण अमेरिकेतल्या कोन मिल्सचं नाव घेतात. तिच्या ग्रीन्सबरोच्या व्हाइट ओक गिरणीने लीव्हाइससाठी असा काठ विणला, हे खरं. पण ती 2017 अखेरीस बंद झाली आणि जपानी गिरण्याही लाल रेघ विणतात. रेघेवरून फक्त अंदाज बांधता येतो.

वजन फोटोत कळत नाही. 10 सेंटिमीटरचा चौकोन 4 ग्रॅम भरला, तर कापड साधारण 12 औंसाचं. विक्रेत्याकडून नमुना मागवून तोही असाच तोला.