सिगारेट ओढणाऱ्यांची पाळी लवकर का जाते?

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत साधारण 10 लाख अपरिपक्व बीजांडं असतात. पुढे नवी तयार होत नाहीत. आहेत ती वयाबरोबर नष्ट होत जातात आणि साठा संपत आला की पाळी थांबते. भारतात हे वय सरासरी 46-47 आहे. सिगारेट ओढणाऱ्यांची पाळी इतरांपेक्षा सरासरी एक-दोन वर्षं आधी जाते.

धुरातली काही रसायनं बीजांडांपर्यंत पोहोचतात आणि त्यांना अकाली मारतात. दुसरा घाव इस्ट्रोजेनवर पडतो. निकोटिनमुळे अंडाशयात ते बनण्यात अडथळा येतो, तर धुरामुळे यकृत ते अधिक वेगाने निकामी करतं.

समजा, 38 वर्षांची एक बाई रोज दहा सिगारेटी ओढते. 29 दिवसांनी येणारी तिची पाळी आता 24-25 दिवसांनीच येते. बीजांडं कमी उरली की मेंदूतून एफएसएच हे संप्रेरक जास्त सुटतं, बीज लवकर पिकतं आणि चक्र आखडतं. पुढे पाळ्या चुकू लागतात. डॉक्टर आधी गर्भधारणा आणि थायरॉइड तपासतात, मग पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच, आणि साठ्याचा अंदाज यावा म्हणून एएमएच. या वेळी सिगारेटची सवय लपवू नये. पस्तिशीनंतर धूम्रपान चालू असताना इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तर हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

आपल्याकडे अनेक बायका सिगारेट ओढत नाहीत, मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिन त्यातूनही रक्तात जातं.

दारूचा परिणाम उलट दिशेने होतो. रोज सुमारे 30 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे साधारण दोन पेग, घेणाऱ्या तरुण स्त्रियांत इस्ट्रोजेन वाढलेलं आढळलं आहे. थोडं पिणाऱ्यांची पाळी किंचित उशिरा जाते असंही काही अभ्यासांत दिसतं, पण तो फायदा समजू नये. दारूने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अतिमद्यपानात तर बीज सुटणंच थांबतं आणि पाळी अनियमित होते.

चहा-कॉफीवर मात्र विनाकारण खापर फुटतं. कॅफिनने इस्ट्रोजेन थोडं वर-खाली होतं, पण त्यामुळे पाळी बिघडते किंवा लवकर जाते असा ठोस पुरावा नाही.

गेलेली बीजांडं परत येत नाहीत. तरीही सिगारेट सोडून दहाएक वर्षं झालेल्या स्त्रियांमध्ये पाळी लवकर जाण्याचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास येतो. म्हणून तिशीत सोडणं सर्वांत मोलाचं. आणि चाळिशीच्या आत सलग तीन महिने पाळी आली नाही, तर तपासणी लांबवू नये, कारण इस्ट्रोजेन अकाली घटलं की हाडं ठिसूळ होऊ लागतात आणि त्यावर वेळेत उपचार करता येतात.