बॅटरी दुप्पट केली की पायलट खाली

युरोपच्या नियामक संस्थेने प्रमाणपत्र दिलेलं पहिलं विजेरी विमान म्हणजे स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेल कंपनीचं ‘वेलिस इलेक्ट्रो’. साल २०२०. त्याचं उड्डाणाचं कमाल वजन ६०० किलो. त्यातल्या दोन बॅटऱ्याच सुमारे १४० किलोच्या, आणि माणसांसाठी उरतात १७२ किलो, म्हणजे शिकवणारा आणि शिकणारा. हवेत राहता येतं जेमतेम पाऊण तास.

मग बॅटरी दुप्पट का करत नाहीत? केली तर माणसांसाठी ३२ किलो उरतात. पायलटलाच उतरावं लागेल.

मोटारीत हे चालून जातं. चारशे किलोची बॅटरी रस्ता उचलून धरतो. वजन वाढलं की टायरचं घर्षण थोडं वाढतं, चढावर जास्त वीज लागते, पण उतारावर आणि ब्रेक लावताना तिच्यातली बरीच परत मिळते. विमानाला स्वतःचं वजन प्रत्येक क्षणी हवेत तोलून धरावं लागतं, आणि त्याची किंमत सतत मोजावी लागते. शिवाय पेट्रोल जळतं तसं विमान हलकं होत जातं. रिकामी बॅटरी मात्र भरलेल्या बॅटरीइतकीच जड असते.

वेलिसच्या बॅटऱ्यांत साधारण २५ युनिट वीज मावते, म्हणजे किलोमागे १७५ वॅट-तास. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० असतात. इंजिन त्यातला बराचसा भाग उष्णतेत घालवतं आणि विजेची मोटर फारच थोडा, हे धरूनही वेलिसची सगळी वीज नऊएक लिटर पेट्रोलचंच काम करते.

आजचे चांगले लिथियम सेल किलोमागे २५० ते ३०० वॅट-तास देतात. पण सेल नुसते उडत नाहीत. एक पेटला तर शेजारचे पेटू नयेत म्हणून आवरण, थंड ठेवण्याची सोय, तारा हे सगळं धरलं की आकडा दोनशेच्या आसपास उतरतो. विमानाच्या एकूण वजनाचा तीस टक्के भाग अशा बॅटरीला दिला, तर चांगल्या बांधणीचं विमान कागदावर २८० किलोमीटर जाईल. त्यातून उतरता न आल्यास पुन्हा घिरटी मारण्यासाठी आणि दुसऱ्या विमानतळापर्यंत पोचण्यासाठीची वीज शिल्लक ठेवावी लागते. ताशी ३०० किलोमीटर वेगाने अर्धा तास राखीव धरला, तर १५० किलोमीटर तिथेच गेले. मुंबई-पुण्याच्या पुढे फारसं काही उरत नाही.

जहाजाची गोष्ट वेगळी. वजन पाणी पेलतं, त्यामुळे छोट्या अंतरावर बॅटरी उत्तम चालते. नॉर्वेत ‘अँपिअर’ ही विजेरी फेरी २०१५ पासून जवळपास सहा किलोमीटरची खाडी ओलांडते आणि धक्क्याला लागली की चार्ज होते. महासागरात मधे धक्का नाही. दिवसाला १०० टन तेल जाळणाऱ्या मालवाहू जहाजाला त्याच कामासाठी, जहाजी बॅटरी किलोमागे १०० वॅट-तासांची धरली, तर दिवसाला साडेपाच हजार टन बॅटरी लागेल. वीस दिवसांच्या प्रवासाला एक लाख दहा हजार टन. एवढं वजन चढवल्यावर कंटेनरना जागा राहत नाही.