जोड-यादी कुणाच्या कपाटात?

समजा, एका तालुक्याच्या रुग्णालयात क्षयरोगाच्या औषधांवर अभ्यास सुरू व्हायचा आहे. २४० रुग्ण, सहा महिने उपचार, दर महिन्याला तपासणी. नीतिसमितीकडे जाणाऱ्या कागदांत माहितीच्या व्यवस्थापनाचा आराखडा असतो आणि त्यात एक वाक्य हमखास आढळते : ‘रुग्णांची माहिती निनावी ठेवली जाईल.’ अभ्यास चालू असताना हे खरे असूच शकत नाही. पुढच्या महिन्याची तपासणी त्याच रुग्णाच्या नोंदीला जोडायची असते. औषधाने यकृतावर परिणाम झालेला दिसला तर त्याला तातडीने बोलवायचे असते. म्हणजे तो कोण, हे कुणाला तरी माहीत असावेच लागते. अशी माहिती निनावी नव्हे, सांकेतिक असते. आराखडा लिहिताना हा फरक आधी नीट मांडला पाहिजे.

संकेत म्हणजे नावाऐवजी दिलेला क्रमांक. तो नावाची आद्याक्षरे, जन्मतारीख किंवा मोबाइल नंबर यांपासून बनवू नये. मोबाइल नंबर संगणकाच्या सूत्राने कितीही घुसळला, तरी दहा आकडी नंबर मोजकेच. सूत्र कळले की सगळे नंबर त्यातून घालून मूळ नंबर शोधता येतो. क्रमांक आधीच बनवलेल्या यादृच्छिक यादीतून द्यावा. कुठला क्रमांक कुणाचा, ही जोड-यादी वेगळ्या ठिकाणी कुलपात ठेवावी. ती कोणत्या दोन पदांवरच्या माणसांना पाहता येईल आणि कधी नष्ट होईल, हे आराखड्यात लिहावे. घोटाळा होतो तो साध्या जागी. जोड-यादी त्याच एक्सेल फाइलच्या दुसऱ्या पानावर राहते आणि फाइल संख्याशास्त्रज्ञाला ईमेलने जाते. किंवा प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर नाव आणि क्रमांक शेजारीशेजारी लिहिलेले असतात आणि तिचा फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर पडतो. म्हणून फोटो काढायचे नाहीत, हे आराखड्यात स्पष्ट शब्दांत हवे.

जोड-यादी जाळली की माहिती निनावी झाली, असेही नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी नावे काढून संशोधकांना दिल्या. एमआयटीत शिकणाऱ्या लटान्या स्वीनी यांनी २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. राज्यपाल विल्यम वेल्ड त्याच शहरात राहत. त्यांची जन्मतारीख असलेले मतदार सहा, त्यांतले पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडचा एकच. राज्यपालांच्या आजारपणाची नोंद सापडली.

आपल्या २४० रुग्णांत गाव, वय आणि लिंग हे तीनच रकाने तेच काम करतील. ६०० वस्तीच्या गावातून आलेली ३४ वर्षांची बाई एकच असेल, आणि तिच्या ओळीत एचआयव्ही तपासणीचा निकालही असेल. हा धोका तपासण्याची रीत सोपी आहे. या तीन रकान्यांचा तक्ता करून प्रत्येक घरात किती माणसे येतात ते मोजावे. कुठल्याही घरात पाचपेक्षा कमी माणसे असली, तर रकाने आणखी ढोबळ करावेत. पाच हा आकडा रूढ आहे. आजार कलंकाचा असेल तर मी दहा धरीन. वय दहा-दहा वर्षांच्या गटात घ्यावे. तारखांसाठी प्रत्येक रुग्णाला एक यादृच्छिक आकडा द्यावा आणि त्याच्या सगळ्या तारखा तेवढ्याच दिवसांनी सरकवाव्यात. मग दोन तपासण्यांमधले अंतर शाबूत राहते. गाव मात्र थेट खोडू नये. रुग्णालय लांब असल्यामुळे उपचार सुटतो का, हा प्रश्नच त्याबरोबर जाईल. आधी अंतर काढून ‘दहा किलोमीटरच्या आत’, ‘त्यापुढे’ असे दोन गट करावेत, मग गाव काढावे. ‘शेरा’ हा रकाना मात्र माणसाने ओळ न् ओळ वाचायचा असतो. ‘सरपंचांची सून, सोबत सासू’ एवढे तिथे लिहिलेले असले की पुरे. एक्स-रेच्या डिजिटल फाइलच्या पोटातही रुग्णाचे नाव असते. प्रतिमेवर काहीच दिसत नाही म्हणून ते राहून जाते.

साठवणीबद्दल थोडक्यात : तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत, आणि दर तीन महिन्यांनी एक प्रत उघडून पाहणे. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही.

माहिती इतर संशोधकांना द्यायची असेल, तर ती परवानगी संमतिपत्रातच घ्यावी लागते. २४० घरे पुन्हा गाठणे शक्य होत नाही. भारताबाहेर द्यायची असेल तर त्यासाठीच्या सरकारी मंजुरीचा वेळही धरावा. संमतिपत्रात आणखी एक ओळ हवी, रुग्णाला वाचून दाखवता येईल अशी : ‘तुम्हाला माघार घ्यायची असेल तर जोड-यादी असेपर्यंत सांगा, आम्ही तुमची नोंद काढून टाकू. यादी नष्ट झाल्यावर तुमची नोंद कुठली, हे आम्हालाही ओळखता येणार नाही.’ आणि यादी नष्ट करण्याचा महिना त्याच ओळीखाली लिहावा.