एका निश्चयकातून स्पॅनिंग ट्रींची मोजदाद

अ, ब, क, ड हे चौकोनाचे चार कोपरे घेतले, चारही बाजू जोडल्या आणि अ पासून क पर्यंत एक कर्ण ओढला, की चार बिंदू आणि पाच रेषांचा एक ग्राफ तयार होतो. ग्राफमध्ये रेषेची लांबी किंवा वळण पाहायचे नसते. कोणता बिंदू कोणाशी जोडलेला आहे एवढेच पाहायचे. आता या पाच रेषांपैकी काही अशा ठेवायच्या, की चारही बिंदू एकमेकांशी जोडलेले राहतील, पण फिरून पुन्हा मूळ जागी आणणारे वेटोळे कुठेही उरणार नाही. अशा निवडीला स्पॅनिंग ट्री म्हणतात. पुढे तिला नुसते वृक्ष म्हटले आहे.

चार बिंदूंच्या वृक्षाला नेमक्या तीन रेषा लागतात. त्याहून कमी असतील तर एखादा बिंदू सुटतो, जास्त असतील तर वेटोळे होते. पाचातून तीन रेषा निवडण्याचे १० प्रकार आहेत. त्यांतले दोन, म्हणजे अबक आणि अकड हे त्रिकोण, वेटोळे असल्यामुळे बाद होतात. उरतात ८ वृक्ष.

ही हातमोजणी लहान ग्राफपुरतीच चालते. पाच ओळी आणि दर ओळीत पाच बिंदू अशी जाळी घेतली, तर २५ बिंदू आणि ४० रेषा होतात. त्यातून २४ रेषा निवडण्याचे प्रकार सहा हजार दोनशे कोटींहून अधिक भरतात, आणि प्रत्येकात वेटोळे आहे का ते तपासावे लागते. प्रत्यक्षात त्यांतले ५५,७५,६८,००० वृक्ष निघतात. ही संख्या एकही वृक्ष न काढता, २४ ओळींच्या एकाच निश्चयकातून मिळते. एका प्रचंड यादीची मोजदाद शाळेत शिकवल्या जाणाऱ्या निश्चयकावर येऊन थांबते, हे गणितातल्या फार सुंदर गोष्टींपैकी एक आहे.

त्यासाठी आधी ग्राफचा लाप्लास मॅट्रिक्स मांडायचा. प्रत्येक बिंदूसाठी एक आडवी ओळ आणि एक उभा स्तंभ. कर्णावर त्या त्या बिंदूला येऊन मिळणाऱ्या रेषांची संख्या लिहायची. दोन बिंदू रेषेने जोडलेले असतील तर त्यांच्या घरात −१, नसतील तर ०. वरच्या ग्राफसाठी अ, ब, क, ड या क्रमाने तो असा होतो:

```
 ३  −१  −१  −१
−१   २  −१   ०
−१  −१   ३  −१
−१   ०  −१   २
```

प्रत्येक ओळीची बेरीज शून्य येते, कारण जितक्या रेषा कर्णावर मोजल्या तितकेच −१ त्या ओळीत पसरलेले असतात. त्यामुळे या पूर्ण मॅट्रिक्सचा निश्चयकही शून्यच असतो आणि त्यातून काही कळत नाही. म्हणून कोणताही एक बिंदू निवडून त्याची ओळ आणि त्याचाच स्तंभ खोडायचा. ड खोडला तर उरते:

```
 ३  −१  −१
−१   २  −१
−१  −१   ३
```

पहिल्या ओळीने विस्तार केला, की ३×(६−१) = १५; त्यातून ४ वजा आणि मग ३ वजा. उत्तर ८. ड ऐवजी अ खोडून पाहिला तर कर्णावर २, ३, २ राहतात आणि निश्चयक १० − २, म्हणजे पुन्हा ८ येतो. कोणताही बिंदू खोडला तरी उत्तर तेच यावे लागते, आणि हातचा हिशेब पडताळण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

पण निश्चयकाला वृक्षांची संख्या कळते कशी? प्रत्येक रेषेला एक दिशा दिली, की उत्तर समोर येते. समजा अ→ब, ब→क, क→ड, ड→अ आणि अ→क. दिशा कोणतीही दिली तरी चालते. आता बिंदूंच्या चार ओळी आणि रेषांचे पाच स्तंभ अशी एक नवी सारणी मांडायची. रेषा जिथून निघते त्या बिंदूच्या ओळीत +१, जिथे पोहोचते तिथे −१, बाकी शून्य. या सारणीतल्या एका ओळीचा स्वतःशीच गुणाकार करून बेरीज घेतली, तर त्या बिंदूला मिळणाऱ्या रेषांची संख्या येते. दोन वेगळ्या ओळींचा तसाच गुणाकार केला, तर ते बिंदू जोडलेले असल्यास −१ आणि नसल्यास ० येतो. म्हणजे लाप्लास मॅट्रिक्स हा या सारणीचा तिच्याच आडव्या-उभ्या अदलाबदलीशी केलेला गुणाकार आहे.

ड ची ओळ खोडली, की सारणीत तीन ओळी आणि पाच स्तंभ उरतात. इथे बिने आणि कोशी या फ्रेंच गणितज्ञांनी १८१२ मध्ये मांडलेला नियम कामी येतो. तो सांगतो, की अशा गुणाकाराचा निश्चयक काढायचा असेल तर पाचातून तीन स्तंभ शक्य तितक्या सर्व प्रकारे निवडा, प्रत्येक निवडीचा छोटा निश्चयक काढा, त्याचा वर्ग करा आणि सगळे वर्ग मिळवा. तीन स्तंभ निवडणे म्हणजेच तीन रेषा निवडणे. मघाच्या यादीतले ते १० प्रकार निश्चयकाच्या पोटात आधीच दडलेले असतात.

आता एकेका निवडीकडे पाहायचे. अब, बक आणि अक या त्रिकोणाच्या रेषा घेतल्या, तर पहिल्या दोन स्तंभांची बेरीज बरोबर तिसऱ्या स्तंभाइतकी होते. असे स्तंभ एकत्र आले की निश्चयक शून्य होतो, आणि वेटोळे बेरजेतून आपोआप गळते. वृक्षाचे तसे नाही. प्रत्येक वृक्षाला निदान दोन टोके असतात, म्हणजे ज्यांना एकच रेषा मिळते असे बिंदू. त्यांतले एक तरी खोडलेल्या ड हून वेगळे असते. अब, बक, कड या वृक्षात अ हे असे टोक आहे. त्याच्या ओळीत एकच आकडा शून्याखेरीज असतो, +१ किंवा −१. ती ओळ आणि तो स्तंभ बाजूला काढला, की ब हे नवे टोक होते, मग क. शेवटी निश्चयक +१ किंवा −१ एवढाच येतो आणि त्याचा वर्ग १. प्रत्येक वृक्ष एकदाच मोजला जातो, बाकी सारे शून्य. खोडण्यासाठी कोणताही बिंदू निवडला तरी उत्तर का बदलत नाही, तेही यातच स्पष्ट होते.

या प्रमेयाला गुस्ताव किरचॉफचे नाव दिले जाते, आणि त्याचे मूळ वीजमंडलांत आहे. १८२४ मध्ये क्योनिग्सबर्ग येथे जन्मलेल्या किरचॉफने विद्युतप्रवाहाचे आपले दोन नियम १८४५ मध्ये मांडले, तेव्हा तो विद्यार्थी होता. १८४७ च्या निबंधात त्याने कितीही गुंतागुंतीच्या मंडलातल्या प्रवाहाचे सूत्र दिले. ज्या तारा काढून घेतल्यावर मंडलात एकही वेटोळे उरत नाही, त्यांच्या रोधांचे गुणाकार घ्यायचे आणि ते सगळे मिळवायचे, ही बेरीज सूत्राच्या छेदात येते. तारा काढून उरलेला सांगाडा म्हणजेच आपला वृक्ष. लाप्लास मॅट्रिक्सच्या निश्चयकाची आजची मांडणी नंतरची, पण विचार त्याचाच.

हा संबंध नुसता ऐतिहासिक नाही, तो आकड्यांत तपासता येतो. आपल्या ग्राफची प्रत्येक रेषा एक ओहम रोधाची तार आहे असे धरायचे. अ आणि क यांच्यामध्ये विजेला तीन समांतर वाटा आहेत: थेट कर्णाची एक ओहमची, आणि ब व ड मधून जाणाऱ्या दोन-दोन ओहमच्या. समांतर जोडणीच्या नियमाने १ + १/२ + १/२ = २, म्हणून एकूण रोध अर्धा ओहम. आता वृक्षांकडे वळायचे. कर्ण असलेले वृक्ष किती? कर्ण ठेवला, की ब ला जोडायचे दोन पर्याय आणि ड ला जोडायचे दोन, म्हणजे ४. एकूण ८ वृक्षांपैकी ४, बरोबर अर्धे. बाजूच्या अब या रेषेचेही तसेच. ८ वृक्षांत प्रत्येकी तीन याप्रमाणे २४ रेषा येतात. कर्णाच्या ४ वजा केल्या की २० उरतात, आणि सारख्याच असलेल्या चार बाजूंच्या वाट्याला प्रत्येकी ५ येतात. अब असलेले वृक्ष आठांपैकी पाच, आणि अ ते ब हा रोध मोजला तर तोही ५/८ ओहम भरतो. प्रत्येक तार एक ओहमची असेल तेव्हा हा मेळ कोणत्याही जोडलेल्या ग्राफमध्ये, कोणत्याही रेषेसाठी बसतो.

प्रत्येक बिंदू प्रत्येकाशी जोडलेला असेल, तर निश्चयक हातानेही सुटतो. एक बिंदू खोडल्यावर सगळ्या ओळी पहिल्या ओळीत मिळवायच्या, म्हणजे ती ओळ सगळी एकांची होते. मग ती ओळ बाकीच्या ओळींत मिळवली, की कर्णाच्या खालचे सगळे आकडे शून्य होतात आणि कर्णावर एक १ व बाकी सर्वत्र बिंदूंची एकूण संख्या n राहते. उत्तर n^(n−२). आर्थर केलीच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र ते हेच. चार बिंदूंसाठी १६ आणि दहा बिंदूंसाठी दहा कोटी. ही मोजणी नाव दिलेल्या बिंदूंची असते हे ध्यानात ठेवावे लागते. त्या १६ वृक्षांत आकार दोनच आहेत: एका बिंदूतून तीन फांद्या निघणारे ४ आणि सरळ साखळीसारखे १२. वेगळे आकार किती, हे निश्चयक सांगत नाही.

प्रत्यक्ष हिशेबात चुका ठरावीक ठिकाणी होतात. दोन बिंदूंमध्ये दोन रेषा असतील तर −१ ऐवजी −२ लिहावे लागते, आणि स्वतःपासून निघून स्वतःकडेच येणारी रेषा मुळीच धरायची नसते. मूळ मॅट्रिक्सच्या एखाद्या ओळीची बेरीज शून्य नसेल, किंवा उत्तर ऋण आले, तर मांडणी वा आकडेमोड नक्की चुकलेली असते. उत्तर शून्य आले तर मात्र ती चूक असतेच असे नाही. ग्राफचे तुकडे पडलेले असतील, तर एकही वृक्ष संभवत नाही आणि शून्य हेच खरे उत्तर असते. संगणकावर दशांशात गणित केले तर या शून्याच्या जागी एखादा बारीकसा अपूर्णांक दिसू शकतो, आणि मोठ्या ग्राफमध्ये उत्तराचे शेवटचे अंक बिघडतात. अचूक संख्या हवी असेल तर हिशेब पूर्णांकांतच ठेवावा लागतो.

ही युक्ती कुठवर पोहोचते, याचीही सीमा ठरलेली आहे. वेटोळे नको, पण सगळे बिंदू जोडलेले असण्याची अट नको, एवढा एकच बदल केला तर अशा निवडींना वने म्हणतात. आपल्या ग्राफमध्ये ती हाताने मोजता येतात: एकही रेषा नसलेले १, एका रेषेची ५, दोन रेषांची १० आणि तीन रेषांचे ८ वृक्ष, मिळून २४. पण कोणत्याही ग्राफमधली वने झटपट मोजणारा असा निश्चयक सापडलेला नाही. जेगर, व्हर्टिगन आणि वेल्श यांनी १९९० मध्ये सिद्ध केले, की ही मोजणी अतिशय अवघड मानल्या जाणाऱ्या मोजदादींच्या वर्गात मोडते.